कायम शिष्यवृत्तीसाठी मुद्दल किती हवे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



भोजनशाळेच्या भिंतीवरील संगमरवरी पाटी सर्वांच्या परिचयाची आहे. 'कायमी तिथी' या शीर्षकाखाली दात्याचे नाव, तिथी आणि त्यापुढे रक्कम कोरलेली असते. पाटीच्या वरच्या भागातील जुन्या ओळी वाचल्या तर रु. ५०१, रु. १,००१ अशा रकमा दिसतात. ज्या काळी त्या दिल्या गेल्या, त्या काळी त्यांच्या व्याजातून त्या दिवसाचा खर्च उचलला जाईल असाच हिशेब केलेला होता. आज १,००१ रुपयांचे शेकडा ७ प्रमाणे वार्षिक व्याज ७० रुपये होते आणि तेवढ्यात एका पंगतीची भाजीही येत नाही. तिथी पाळली जाते, फलकावर नाव लिहिले जाते, परंतु जेवणाचा खर्च प्रत्यक्षात दुसऱ्याच कोणाच्या तरी देणगीतून भागविला जातो. यात कोणी अफरातफर केलेली नसते. मुद्दल बँकेत जसेच्या तसे सुरक्षित असते. चूक झालेली असते ती पहिल्याच दिवशी, रक्कम ठरविताना.

सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी दाते पुढे येतात आणि विचारतात, 'वडिलांच्या नावे दरवर्षी एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्यावयाची आहे, कायमची. किती रक्कम भरावी?' या प्रश्नाला कार्यालयात बहुधा लगेच उत्तर मिळते. ते उत्तर कसे काढले जाते आणि ते कोठे अपुरे पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम सोपा हिशेब पाहावा. शिष्यवृत्ती वर्षाला २५,००० रुपयांची आहे आणि मुदतठेवीवर शेकडा ७ व्याज मिळते असे धरावे. वार्षिक रकमेला व्याजाच्या दराने भागावे, म्हणजे २५,००० भागिले ०.०७. उत्तर येते ३,५७,१४३ रुपये. एवढी रक्कम ठेवली की वर्षअखेर बरोबर २५,००० रुपये व्याज येते, ते विद्यार्थ्याला द्यावे आणि मुद्दल पुन्हा जसेच्या तसे पुढील वर्षासाठी उभे राहते. जी देणी कधीच संपत नाहीत त्यांची किंमत मर्यादित कशी, असे कोणालाही प्रथम वाटते. त्याचे कारण एवढेच की मुद्दलाला कोणी हात लावत नाही. दिले जाते ते केवळ त्याचे फळ. येथे एक बारकावा आहे. या हिशेबात पहिली शिष्यवृत्ती रक्कम ठेवल्यानंतर एक वर्षाने दिली जाते. दात्याची इच्छा ती याच समारंभात देण्याची असेल, तर ते पहिले २५,००० रुपये वेगळे द्यावे लागतात आणि एकूण रक्कम ३,८२,१४३ रुपये होते. पुष्कळदा हे लक्षात न आल्याने पहिल्याच वर्षी मुद्दलातून रक्कम काढली जाते आणि निधी जन्मतःच अधू होतो.

हिशेब म्हणून हा निर्दोष आहे. मात्र तो एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे २५,००० रुपये पुढेही २५,००० रुपयांएवढेच काम करतील. महागाई वर्षाला सरासरी शेकडा ५ राहिली तर पंधरा वर्षांनी त्या २५,००० ची खरेदीशक्ती आजच्या सुमारे १२,००० रुपयांएवढी उरते आणि पंचवीस वर्षांनी सुमारे ७,४०० रुपयांएवढी. ज्या शिष्यवृत्तीतून आज एखाद्या मुलीचे वसतिगृहाचे काही महिने निघतात, तिच्यातून तिच्या मुलीच्या काळात फक्त पुस्तके येतील. आणखी एका पिढीने ती रक्कम पाकिटात घालून देण्यास विश्वस्तांनाच संकोच वाटेल.

हे केवळ लहान न्यासांच्या बाबतीत घडते असे नाही. जगातील सर्वांत नामांकित निधीची कथा याहून वेगळी नाही. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ साली केलेल्या मृत्युपत्रानुसार त्यांच्या संपत्तीतून सुमारे ३ कोटी १० लक्ष स्वीडिश क्रोनर इतका निधी उभा राहिला. तो 'सुरक्षित रोख्यांत' गुंतवावा आणि व्याजातून दरवर्षी पारितोषिके द्यावीत, अशी त्यांची आज्ञा होती. विश्वस्तांनी त्या शब्दाचा अर्थ अत्यंत प्रामाणिकपणे घेतला आणि पैसा मुख्यत्वे रोख्यांत व कर्जांत ठेवला. १९०१ साली प्रत्येक पारितोषिक १,५०,७८२ क्रोनरचे होते. १९२३ साली ते १,१४,९३५ क्रोनरवर आले. त्यात करांचाही भार होता. १९४६ मध्ये संस्थेला करमाफी मिळाली. पण आकडा पुढे वाढला तरी त्याची खरेदीशक्ती मात्र पहिल्या पारितोषिकाच्या बरीच खाली राहिली, कारण महागाई व्याजाला खात होती. १९५३ मध्ये गुंतवणुकीचे नियम बदलून शेअर्समध्येही पैसा ठेवण्याची मुभा मिळाली, आणि तरीही १९०१ च्या पारितोषिकाचे खरे मोल पुन्हा गाठावयास १९९१ साल उजाडावे लागले. २०१२ मध्ये तर संस्थेने पारितोषिकाची रक्कम १ कोटी क्रोनरवरून ८० लक्षांवर आणली, हेतू हा की निधी दीर्घकाळ टिकावा. वाढविलेली रक्कम पुन्हा कमी करण्यास धैर्य लागते. आपल्याकडे सहसा कोणी ते करीत नाही. मुद्दलातून भर घालून वेळ निभावली जाते.

आपल्या समाजाच्या इतिहासातही या प्रकारच्या दानाचे मोठे उदाहरण आहे. मुंबईतील कापसाचे प्रसिद्ध व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मातोश्री राजाबाई यांच्या नावाने मुंबई विद्यापीठाचा मनोरा उभारण्यास द्रव्य दिले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच काळात, १८६६ साली, त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही २ लक्ष रुपये दिले आणि त्यातून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झालेले सर आशुतोष मुखर्जी हे त्या शिष्यवृत्तीचे मानकरी होते. २ लक्षांवर शेकडा ५ व्याज धरले तर वर्षाला १०,००० रुपये होतात. १८६६ सालचे १०,००० रुपये ही केवढी रक्कम होती आणि आजचे १०,००० केवढे आहेत, हे व्यापारी समाजास सांगण्याची गरज नाही. शेठजींचे दान मोठेच होते. परंतु कोणतेही दान स्थिर रुपयांत मोजले की काळ ते लहान करीत जातो.

मग उपाय काय? कापडाच्या दुकानातील रोजच्या व्यवहारात तो दडलेला आहे. एखादा तागा १०० रुपयांना घेतला आणि वर्षभराने १०७ रुपयांना विकला. नफा ७ रुपये दिसतो. पण तोच तागा पुन्हा भरावयास आता १०५ रुपये पडत असतील, तर घरी नेण्याजोगे केवळ २ रुपयेच आहेत. जो दुकानदार सातही रुपये घरी नेतो त्याच्या दुकानातील माल दरवर्षी थोडा कमी होतो, जरी वहीत भांडवलाचा आकडा तोच दिसत असला तरी. शिष्यवृत्ती निधीचेही नेमके असेच आहे. सात टक्के व्याजातील पाच टक्के हे मुद्दलाची झीज भरून काढण्यासाठी परत मुद्दलातच गेले पाहिजेत. खर्चास उरतात ते दोन.

यावरून दुसरा हिशेब तयार होतो. पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीला व्याजदराने न भागता, व्याजदरातून महागाईचा दर वजा करून येणाऱ्या फरकाने भागावे. २५,००० भागिले ०.०२, म्हणजे १२,५०,००० रुपये. पहिल्या हिशेबाच्या साडेतीन पट!

हा आकडा ऐकून दाते आणि विश्वस्त दोघेही दचकतात, म्हणून तो वहीत मांडून पडताळून पाहावा. १२,५०,००० वर पहिल्या वर्षी व्याज ८७,५०० रुपये येते. त्यातून २५,००० ची शिष्यवृत्ती दिली. उरलेले ६२,५०० रुपये मुद्दलात मिळविले. मुद्दल झाले १३,१२,५००. दुसऱ्या वर्षी व्याज ९१,८७५ रुपये. शिष्यवृत्ती पाच टक्क्यांनी वाढवून २६,२५० दिली. उरलेले ६५,६२५ परत मुद्दलात. मुद्दल झाले १३,७८,१२५. पाहिले तर मुद्दलही दरवर्षी बरोबर पाच टक्क्यांनी वाढते आहे आणि शिष्यवृत्तीही. दोघे हातात हात घालून चालतात, कोणी कोणाला मागे टाकत नाही. म्हणून ही मांडणी कायम चालू शकते. (पहिली शिष्यवृत्ती आजच द्यावयाची असेल तर येथे १३,३७,५०० रुपये लागतील, आजचे २५,००० वेगळे, आणि पुढील वर्षी द्यावयाच्या २६,२५० साठी १३,१२,५०० चे मुद्दल.)

आता पहिल्या हिशेबाचे ३,५७,१४३ रुपयेच ठेवले आणि शिष्यवृत्ती मात्र दरवर्षी पाच टक्के वाढवीत गेले, तर काय होईल? पहिल्या वर्षी सर्व ठीक असते. दुसऱ्या वर्षी व्याज २५,००० आणि देणे २६,२५०. मुद्दलातून १,२५० रुपये काढले जातात. कोणाच्या लक्षातही येत नाही. मग मुद्दल घटते म्हणून व्याज घटते, व्याज घटते म्हणून मुद्दलातून अधिक काढावे लागते. या गतीने सतरा शिष्यवृत्त्या पूर्ण दिल्या जातात आणि अठराव्या वर्षी पैसा पुरत नाही. ज्या विश्वस्तांनी रक्कम स्वीकारली ते तोपर्यंत बहुधा निवृत्त झालेले असतात.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. समाजातील बहुसंख्य दाते साडेबारा लाखांचे नसतात. एखाद्या कुटुंबाने मोठ्या भावनेने ५ लाख रुपये आणून ठेवले तर त्यांना काय सांगावे? ५ लाखांवर वर्षाला ३५,००० रुपये व्याज येते हे त्यांना घरीच ठाऊक असते, आणि तेवढ्याची शिष्यवृत्ती दरवर्षी दिली जाईल अशी त्यांची समजूत असते. त्यांना दोन मार्ग स्पष्ट शब्दांत सांगणे हे न्यासाचे कर्तव्य आहे. पहिला मार्ग असा की शिष्यवृत्ती कायमची, मोल न घटणारी, पण ५ लाखांच्या दोन टक्क्यांची, म्हणजे पहिल्या वर्षी १०,००० रुपयांची. दुसरा मार्ग असा की शिष्यवृत्ती २५,००० रुपयांची, दरवर्षी पाच टक्के वाढणारी, पण मुद्दलही हळूहळू वापरून संपविणारी. याच दरांनी ती रक्कम सत्तावीस वर्षे पुरते.

या दोन आकड्यांची तुलना मनन करण्यासारखी आहे. २५,००० ची तीच शिष्यवृत्ती सत्तावीस वर्षे देण्यास ५ लाख पुरतात आणि कायम देण्यास १२.५ लाख लागतात. म्हणजे साडेसात लाख रुपये हे केवळ सत्तावीस वर्षांनंतरच्या काळासाठी आहेत. एखाद्या दात्याला वडिलांचे नाव चिरंतन राहावे असे वाटेल आणि तो ही किंमत देईल. दुसऱ्याला वाटेल की आपल्या हयातीत सत्तावीस मुलामुलींना खरोखर उपयोगी पडेल अशी रक्कम मिळावी, पुढचे पुढची पिढी पाहील. दोन्ही निर्णय योग्य आहेत. अयोग्य आहे ते हे की दुसऱ्या प्रकारची रक्कम घेऊन पाटीवर पहिल्या प्रकारचा शब्द कोरणे. मुदतीच्या शिष्यवृत्तीला मुदतीची शिष्यवृत्तीच म्हणावे. तीत कमीपणा काहीच नाही.

येथवर सात टक्के व्याज आणि पाच टक्के महागाई धरली आहे. हे आकडे ध्रुवाचे तारे नव्हेत. १९९० च्या दशकाच्या मध्यास बँका दीर्घ मुदतीच्या ठेवींवर शेकडा १२ ते १३ देत असत. २००३-०४ मध्ये तोच दर पाच-साडेपाचच्या आसपास आला होता. बाराच्या दराने हिशेब करून घेतलेले निधी त्या आठ-नऊ वर्षांत निम्म्याहून कमी उत्पन्नावर आले. महागाईविषयी म्हणावे तर रिझर्व्ह बँकेसाठी २०१६ पासून ४ टक्क्यांचे लक्ष्य ठरविण्यात आले, वर-खाली २ टक्क्यांची सवलत ठेवून. परंतु ते सर्वसाधारण ग्राहक किमतींचे लक्ष्य आहे. महाविद्यालयाचे शुल्क आणि वसतिगृहाचे भाडे त्या आकड्याचे बंधन मानतात असे पालकांचा अनुभव सांगत नाही.

आणि हा हिशेब त्या फरकाविषयी अतिशय नाजूक आहे. महागाई ५ ऐवजी ४ टक्के धरली तर फरक ३ होतो आणि मुद्दल ८,३३,३३३ रुपये पुरते. ६ टक्के धरली तर फरक १ राहतो आणि मुद्दल २५ लाख लागते. व्याज आणि महागाई दोन्ही सातच असतील तर कितीही मोठी रक्कम ठेवा, वाढती शिष्यवृत्ती कायम देता येत नाही. एका टक्क्याच्या अंदाजावर लाखो रुपये अवलंबून असतील, तर अंदाज अधिक बारकाईने करण्यात अर्थ नाही. नियमच असा करावा की अंदाज चुकला तरी निधी मरू नये.

तो नियम असा. शिष्यवृत्तीची रक्कम रुपयांत ठरवूच नये. 'दरवर्षी २५,००० रुपये' असे न लिहिता, 'मागील तीन वर्षांच्या ३१ मार्चच्या मुद्दलाच्या सरासरीचे शेकडा २' असे लिहावे आणि उरलेले सर्व व्याज मुद्दलात जमा करावे. व्याजदर चांगले असले की मुद्दल भराभर वाढेल व दोन-तीन वर्षांत शिष्यवृत्तीही वाढेल. दर पडले की वाढ मंदावेल, शिष्यवृत्ती महागाईच्या थोडी मागे राहील, परंतु मुद्दलाला धक्का लागणार नाही. तीन वर्षांची सरासरी घेण्याचे कारण एवढेच की एका वर्षाच्या चढउताराचा फटका एकाच विद्यार्थ्याला बसू नये. या नियमात विश्वस्तांना दरवर्षी नव्याने विचार करावा लागत नाही, हाही एक लाभच.

आता एक अडचण, जी हिशेबाची नसून कायद्याची आहे. वरील मांडणीत ८७,५०० पैकी ६२,५०० रुपये, म्हणजे जवळजवळ ७१ टक्के व्याज, परत मुद्दलात जाते. धर्मादाय न्यासाला आयकरातून सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच्या उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागते. १५ टक्के विनाअट शिल्लक ठेवता येते. म्हणजे हौसेने केवळ एका शिष्यवृत्तीसाठी वेगळा न्यास स्थापला आणि तो मोठा झाला, तर महागाईची भरपाई राखून ठेवणे त्याला कठीण जाईल. सात टक्क्यांतील पंधरा टक्के म्हणजे जेमतेम एक टक्का मुद्दलात परत जाऊ शकेल. परंतु ही ८५ टक्क्यांची मोजणी न्यासाच्या एकूण उत्पन्नावर होते, प्रत्येक खात्यावर स्वतंत्र होत नाही. ज्या न्यासाची भोजनशाळा, वसतिगृह, दवाखाना अशी कामे चालू आहेत आणि ज्याचा एकूण खर्च सहजच त्या मर्यादेपलीकडे जातो, त्याला शिष्यवृत्ती खात्यातील व्याज राखून ठेवण्यास अडचण येत नाही. म्हणून असा निधी स्वतंत्र न्यासात न ठेवता मोठ्या न्यासात, मात्र खतावणीत संपूर्ण स्वतंत्र खाते उघडून ठेवणे श्रेयस्कर. प्रत्येक वर्षी हिशेब बंद होण्यापूर्वी सनदी लेखापालांस विचारून घ्यावे, हे वेगळे सांगावयास नको.

स्वतंत्र खात्याचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. मुद्दलात परत जाणारे व्याज जर 'शिल्लक' या शीर्षकाखाली पडून राहिले, तर नव्या विश्वस्त मंडळाला ते वापरण्याजोगे पैसे वाटतात आणि एखाद्या छपराच्या दुरुस्तीत ते जातात. त्यांचाही दोष नसतो. म्हणून त्या रकमेस वहीत 'महागाई भरपाई, मुद्दलात वर्ग' असेच नाव असावे. यावरूनच जुन्या निधींची नाडीही तपासता येते. खतावणीचे पान उघडावे आणि मुद्दलाचा आकडा पाहावा. वीस वर्षांपूर्वी जो आकडा होता तोच आजही असेल, तर तो निधी सुरक्षित नसून वीस वर्षे झिजत आहे, असे समजावे. अशा निधीच्या दात्याच्या कुटुंबीयांना बोलावून स्थिती दाखवावी. त्यांनी भर घातली तर उत्तम. नाहीतर त्यांच्या लेखी संमतीने आणि कायदेशीर सल्ल्याने असे तीन-चार लहान निधी एकत्र करून, पाटीवर सर्वांची नावे ठेवून, एकच उपयोगी शिष्यवृत्ती देणे हा मार्ग उरतो.

राहिला प्रश्न नव्या दात्याने काय लिहून द्यावे याचा. देणगी कायम निधीसाठी आहे हे दात्याने लेखी कळविणे आवश्यक आहे. केवळ तोंडी सांगून किंवा पावतीवर 'शिष्यवृत्ती' एवढाच शब्द घालून ती मुद्दलात धरली जाईलच असे नाही. पत्राचा मसुदा साधारण असा असावा:

'सदर रक्कम न्यासाच्या कायम निधीत जमा करावी व कायद्याने संमत केलेल्या गुंतवणुकीत स्वतंत्र ठेवावी. दरवर्षी मागील तीन वर्षांच्या मुद्दलाच्या सरासरीचे शेकडा २ इतकी रक्कम शिष्यवृत्ती म्हणून द्यावी. उरलेले व्याज मुद्दलात वर्ग करावे. पहिली शिष्यवृत्ती रक्कम जमा झाल्यापासून एक वर्षाने द्यावी. दर दहा वर्षांनी विश्वस्त मंडळाने शेकडा प्रमाणाचा फेरविचार करावा, परंतु कोणत्याही वर्षी मूळ मुद्दलातून रक्कम काढू नये.'

आणि जो दाता मुदतीची शिष्यवृत्ती पसंत करील, त्याच्या पत्रात शेवटच्या वाक्याऐवजी वर्षांची संख्या लिहावी व मुद्दल वापरण्याची अनुमती स्पष्ट नमूद करावी. अशा निधीच्या बाबतीत तो संपण्यापूर्वी पाच वर्षे कुटुंबीयांना कळविण्याची जबाबदारी न्यासाच्या कार्यालयाची राहील, ही नोंदही त्याच पत्रावर घ्यावी.

जय जिनेंद्र.